दोघांचा आवाज एकाच पातळीवर आणायचा, तर आधी पीक विसरा

दोन माणसांची एक मुलाखत एडिट करत होतो. निवेदकाच्या शर्टाला कॉलर माइक होता आणि पाहुण्या बाईंचा आवाज टेबलावर ठेवलेल्या रेकॉर्डरवर घेतलेला होता. दोन्ही क्लिप निवडल्या, 'नॉर्मलाइझ'वर क्लिक केलं आणि दोघांचे पीक उणे ६ डीबीवर आणले. मीटरच्या हिरव्या पट्ट्या दोघांच्या वेळी सारख्याच उंचीपर्यंत जात होत्या, म्हणजे काम झालं असं वाटलं. मग ऐकायला बसलो, तर निवेदक कानाशी येऊन बोलतोय आणि बाई शेजारच्या खोलीतून उत्तर देतायत. प्रश्न आला की आवाज कमी करायचा, उत्तर आलं की वाढवायचा, असं बघणाऱ्याला सतत करत बसावं लागलं असतं.

घोळ एका हास्यात होता. बाई मुलाखतीत तीन वेळा खळखळून हसल्या होत्या. त्या हसण्याचं टोक त्यांच्या बोलण्याच्या कितीतरी वर होतं आणि नॉर्मलाइझ करणाऱ्या कमांडला फक्त ते टोकच दिसत होतं. टोक उणे ६ वर बसलं, पण बोलणं राहिलं खालीच. पीक म्हणजे लाटेचा सर्वांत उंच क्षण, आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकासुद्धा नसतो. आपला कान मात्र आवाज मोठा की लहान हे ठरवताना अशा एका क्षणाकडे बघत नाही. थोडा वेळ सलग किती ऊर्जा येतेय, यावर तो ठरवतो. लाउडनेस मीटर हेच मोजतो.

मीटर नेमकं काय मोजतो

आजचे जवळजवळ सगळे लाउडनेस मीटर एकाच मानकावर चालतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेचं हे मानक, बीएस.१७७०, पहिल्यांदा २००६ साली आलं. त्यातली युक्ती साधी आहे. आवाज मोजण्याआधी तो एका गाळणीतून काढायचा. गाळणी अगदी खालची घरघर काढून टाकते आणि साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरचा भाग चारेक डीबीने उचलते, कारण आपला कानही त्या भागाला जास्त संवेदनशील असतो. गाळून उरलेल्या आवाजाच्या ऊर्जेची सरासरी काढायची. जो आकडा येतो त्यापुढे मीटरवर LUFS असं लिहिलेलं असतं. बोलताना सगळे 'लफ्स' म्हणतात, मीही तेच लिहितो. आकडा जवळजवळ नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. दोन आकड्यांमधला फरक LU मध्ये सांगतात. एक LU म्हणजे एक डीबीच, त्यामुळे क्लिप ७ LU ने कमी असेल तर गेन, म्हणजे क्लिपचा आवाज किती वाढवायचा किंवा उतरवायचा तो आकडा, ७ डीबीने वाढवायचा. इथे वेगळं गणित काही नाही.

मीटरवर एकाच वेळी तीन आकडे हलताना दिसतात आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो. 'मोमेंटरी' हा गेल्या ४०० मिलिसेकंदांचा आकडा असतो, तो भराभर उड्या मारतो. 'शॉर्ट टर्म' गेल्या ३ सेकंदांचा असतो, तो शांतपणे हलतो. 'इंटिग्रेटेड' हा मीटर सुरू केल्यापासून आतापर्यंतच्या सगळ्याचा. दोन माणसांचं बोलणं जुळवताना मी प्रत्येकाच्या निवडक वाक्यांचा इंटिग्रेटेड काढतो आणि मग कटवर शॉर्ट टर्म बघतो. मात्र शॉर्ट टर्म तीन सेकंद मागे बघतो हे लक्षात ठेवायला हवं. निवेदकावरून बाईंवर कट झाला की पहिले तीन सेकंद त्या आकड्यात निवेदकाचाही वाटा असतो. कटनंतर लगेच दिसलेल्या आकड्यावर विसंबून बाईंचा गेन बदलला, तर हमखास चुकतो. तीन सेकंद थांबायचं आणि मग बघायचं. निवेदकाच्या 'हो का?' किंवा 'बरं, मग?' अशा तुकड्यांना तर शॉर्ट टर्मचा उपयोगच नाही. तिथे मोमेंटरीवर नजर टाकायची आणि शेवटी कानावर सोडायचं.

इंटिग्रेटेडची एक खोड सांगतो. तो आपणहून शून्यापासून सुरू होत नाही. तुम्ही निवेदकाची क्लिप ऐकली, थांबवली आणि बाईंची क्लिप चालवली, तर बऱ्याच मीटरमध्ये दोघांची मिळून सरासरी येते. प्रत्येक मोजणीआधी रिसेटचं बटण दाबायचं. हे विसरून मी एकदा अर्धी दुपार 'बाईंचा आवाज वाढवतोय तरी आकडा का हलत नाही' म्हणून डोकं खाजवत बसलो होतो.

मोजण्याआधी दोन गोष्टी

पहिली गोष्ट चॅनलची. कॉलर माइकचा आवाज अनेकदा फक्त डाव्या चॅनलवर रेकॉर्ड झालेला असतो आणि उजवा रिकामा असतो. हे दुरुस्त करून तोच आवाज दोन्ही बाजूंना दिला की मीटरचा आकडा ३ LU ने वाढतो, कारण मीटर दोन्ही चॅनलची ऊर्जा बेरजेत धरतो. आधी मोजलं, गेन लावला आणि नंतर चॅनल दुरुस्त केला, तर निवेदक फुकटात ३ डीबी मोठा होऊन बसतो. म्हणून चॅनलची भानगड सगळ्यात आधी मिटवायची. निवेदकाच्या क्लिपमध्ये हेच झालं होतं. डाव्या बाजूला एकटा आवाज असताना मीटर उणे ३० दाखवत होता, दोन्ही बाजूंना दिल्यावर उणे २७.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा पोत. शर्टाच्या आत गेलेला माइक मळकट, दबका ऐकू येतो. अशा आवाजाचा आणि स्वच्छ आवाजाचा लफ्स अगदी सारखा आला तरी दबका आवाज कमी वाटतो, कारण शब्द कळण्यासाठी लागणारा वरचा भागच त्यात नसतो. मीटरच्या गाळणीला हे थोडंफार कळतं, पुरतं कळत नाही. त्यामुळे इक्वलायझरने जे करायचं ते मोजणीआधी करायचं. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं, दबकेपणा असेल तर वरचा भाग थोडा उचलायचा. नॉइज कमी करायचा असेल तर तोही आत्ताच. मोजून झाल्यावर इक्वलायझर लावला तर पुन्हा मोजावं लागतं, आणि ते पुन्हा मोजणं कोणी करत नाही.

आता आकडे

या मुलाखतीत तिसरीही एक क्लिप होती. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून दोन मिनिटं काही दाखवत बोलतात, तिथे हातात धरलेला माइक होता. व्हिडिओ वेबवर जायचा होता, म्हणून बोलण्यासाठी मी उणे १६ लफ्स ठरवलं आणि ट्रू पीकची, म्हणजे लाटेच्या खऱ्या सर्वांत उंच टोकाची, कमाल मर्यादा उणे १. हा आकडा काही दैवी नाही. युरोपच्या टीव्हीसाठी ईबीयूच्या आर १२८ प्रमाणे उणे २३ लागतो, अमेरिकेत ए/८५ प्रमाणे उणे २४. नेटफ्लिक्स उणे २७ मागतं, आणि तेही पूर्ण कार्यक्रमाच्या सरासरीवर नाही, फक्त संवादावर मोजून. ॲपलने पॉडकास्टसाठी उणे १६ सांगितलंय. यूट्यूब साधारण उणे १४ पेक्षा मोठं असेल ते खाली आणतं, लहान असेल तर तसंच ठेवतं. मग उणे १४ च का नाही? बोलणं तिथवर न्यायचं तर टोकं दाबणाऱ्या लिमिटरला फार राबवावं लागतं आणि आवाज चेपल्यासारखा होतो. दोन डीबी कमी असलेलं मोकळं बोलणं मला चेपलेल्यापेक्षा बरं वाटतं. तुम्हाला काय द्यायचंय ते पाहून तुमचा आकडा ठरवा. जुळवण्याची रीत कोणत्याही आकड्याला तीच राहते.

निवेदकाचा आला उणे २७, म्हणजे गेन अधिक ११. बाईंचा खोलीतला आवाज उणे ३४, म्हणजे अधिक १८. इथपर्यंत सरळ वजाबाकी. रस्त्यावरच्या क्लिपने मात्र फसवलं.

ती पूर्ण दोन मिनिटांची क्लिप मोजली तर उणे २६.४ आला. हिशेबाने गेन होतो अधिक १०.४. लावला, ऐकलं, तर बाई खोलीत होत्या त्यापेक्षा स्पष्टपणे मोठ्या. मीटर चुकला नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. इंटिग्रेटेड काढताना मीटर शांत भाग वगळतो, त्याला 'गेट' म्हणतात. त्याचे दोन उंबरठे असतात. उणे ७० च्या खालचं सगळं वगळायचं हा पहिला. उरलेल्याची सरासरी काढायची आणि त्या सरासरीपेक्षा १० LU ने खाली असलेलंही वगळायचं हा दुसरा. खोलीतल्या क्लिपमध्ये बाई थांबल्या की मागे उणे ६२ ची हलकी शूं उरते. ती बोलण्यापेक्षा २८ ने खाली आहे, त्यामुळे दुसऱ्या उंबरठ्यावरच अडते. सगळे थांबे आपोआप गळतात आणि आकडा फक्त बोलण्याचा येतो.

रस्त्यावर तसं नव्हतं. बाई बोलत होत्या तेव्हा उणे २४, थांबल्या की गाड्यांचा आवाज उणे ३२. फरक फक्त ८ चा. गाड्यांचा आवाज उंबरठ्याच्या वरच राहिला आणि सरासरीत घुसला. क्लिपमधला अर्धा वेळ बोलणं आणि अर्धा वेळ नुसत्या गाड्या, म्हणजे ऊर्जेची सरासरी काढली की बरोबर उणे २६.४ येतो. बोलणं प्रत्यक्षात उणे २४ वर होतं. म्हणजे मी त्याला २.४ डीबी जास्त देत होतो. उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे. अशा क्लिपमध्ये बोलण्याची चार-पाच सलग वाक्यं निवडायची, थांबे वगळायचे आणि तेवढंच मोजायचं. उणे २४ आला, गेन अधिक ८ लावला, आणि बाई दोन्ही ठिकाणी सारख्या ऐकू आल्या. सॉफ्टवेअरमधली 'सगळ्या क्लिप आपोआप जुळवा' ही सोय इथेच आपटते. स्वच्छ रेकॉर्डिंगवर ती उत्तम काम करते, पण मागे गजबज असलेल्या किंवा मध्ये संगीत मिसळलेल्या क्लिपवर तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नका.

हा गेन क्लिपवर द्यायचा, पूर्ण ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवर नाही. यामागे कारण आहे. आवाज आधी क्लिपच्या गेनमधून जातो, मग ट्रॅकवर लावलेल्या लिमिटरमधून आणि साधारणपणे फेडर त्यानंतर येतो. फेडरने वर ढकललेला आवाज लिमिटरला दिसतच नाही, आणि त्याने राखलेली मर्यादा फेडर मागून येऊन ओलांडतो.

किती बारीक जुळवायचं? एक LU चा फरक सोडून द्या. दोनचा कटवर जाणवतो, तीनचा खटकतो. बाई उत्तरार्धात खुर्चीत मागे रेलल्या, तेव्हापासून आवाज ४ ने उतरला होता. तिथे क्लिप कापून पुढच्या भागाला ४ डीबी जास्त दिले, सांध्यावर छोटा क्रॉसफेड टाकला. पण एका ठिकाणी त्या आठवण सांगताना हळू झाल्या होत्या, तेव्हाही मीटर तीनने खाली गेला. तिथे मी हात लावला नाही. तो बोलण्याचा भाग होता, रेकॉर्डिंगचा दोष नव्हता. मीटरला यातला फरक कळत नाही.

मग लिमिटर कशाला?

गेन वाढवला की टोकंही वर जातात. निवेदकाचं सर्वांत उंच टोक उणे १० होतं, अधिक ११ दिल्यावर ते अधिक १ झालं. शून्याच्या वर गेलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. आजची बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरं आतला हिशेब फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवतात, त्यामुळे वर गेलेलं टोक तिथे कापलं जात नाही, एक्स्पोर्टच्या वेळी कापलं जातं. त्याआधी त्याला आवरायचं, ते काम लिमिटरचं.

लिमिटर म्हणजे आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलेला आणि काही मिलिसेकंद पुढचं ऐकू येणारा माणूस. टोक येतंय दिसलं की तो बटण खाली करतो आणि टोक गेलं की परत वर आणतो. पुढचं ऐकण्याला 'लूकअहेड' म्हणतात, न ओलांडायच्या रेषेला 'सीलिंग' आणि परत वर यायला लागणाऱ्या वेळेला 'रिलीज'. किती खाली केलं ते 'गेन रिडक्शन'च्या पट्टीत दिसतं. माझ्या मते लिमिटरवर बघण्यासारखी एकच जागा आहे, ती ही पट्टी. निवेदकावर सीलिंग उणे १ ठेवल्यावर ती अधूनमधून २ डीबी दाखवत होती. तेवढं कानाला कळतही नाही.

आता बाई. त्यांच्या हसण्याचं टोक उणे ११ होतं, अधिक १८ दिल्यावर अधिक ७. लिमिटरला ते उणे १ वर आणायला ८ डीबी दाबावं लागलं. ऐकलं तर हसू फटकन चेपलं जायचं आणि त्याला जोडून आलेला पुढचा शब्द बुडायचा, कारण लिमिटर वर येईतो शब्द निघून जात होता. रिलीज कमी करून बघितला. बुडणं थांबलं, पण हसण्यात खरखर आली. रिलीज फार छोटा केला की बटणावरचा हात आवाजाच्या लाटेबरोबरच थरथरू लागतो आणि ती थरथर खरखरीसारखी ऐकू येते. बोलण्यासाठी मी ५० ते १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतो. ८ डीबीचं ओझं मात्र कोणत्याच रिलीजने पेलत नाही.

खरा उपाय लिमिटरच्या आधी होता. हसणं तीनच ठिकाणी होतं. तिन्ही ठिकाणी क्लिप कापली आणि तेवढ्या तुकड्यांचा गेन ६ डीबीने उतरवला. आता टोक अधिक १ वर आलं, लिमिटरला फक्त २ डीबीचं काम उरलं आणि हसू पुन्हा हसू झालं. बाईंच्या बाकी बोलण्याची टोकं उणे १७.५ होती, ती अधिक अर्ध्यावर आली आणि दीड डीबीत आवरली. माझा ठोकताळा असा, की पट्टी ३ डीबीच्या पुढे वारंवार जात असेल तर लिमिटरला दोष न देता ती जागा शोधायची आणि हाताने उतरवायची. टेबलावर पडलेली थाप, माइकवर आलेला 'प' किंवा 'फ'चा धक्का, मोठ्याने आलेली शिंक, बहुतेक वेळा असलंच काही सापडतं.

लिमिटर जुळवतोच की, मग गेनची एवढी उठाठेव कशाला, असं एका मित्राने विचारलं. तो सगळ्या क्लिप एका ट्रॅकवर टाकून लिमिटरला अधिक १८ चा इनपुट गेन देत असे. करून बघा. बाई उणे १६ वर येतात, ठीक. पण निवेदक उणे २७ वरून उणे ९ कडे निघतो. त्याची टोकं अधिक ८ वर जातात आणि लिमिटर त्यांना ९ डीबी दाबत राहतो. टोकं दोघांची उणे १ वर समान होतात, अंगभर आवाज मात्र निवेदकाचाच जास्त राहतो, आणि वरून चेपलेला. लिमिटर टोकांवर काम करतो, फरक तर बोलण्याच्या अंगात असतो. सुरुवातीला पीक नॉर्मलाइझ करून फसलो होतो, ही तीच चूक महागड्या कपड्यांत.

गेनबरोबर वाढणारी आणखी एक गोष्ट आहे, मागचा शूं आवाज. बाईंच्या खोलीतला उणे ६२ चा शूं अधिक १८ मुळे उणे ४४ वर आला. निवेदकाच्या मागचा उणे ६५ होता, तो उणे ५४ वर. म्हणजे बोलणं बरोबर जुळलं, पण प्रत्येक कटला मागची हवा १० डीबीने उडी मारू लागली. बाईंवर कट झाला की शूं यायचा, निवेदकावर गेला की थांबायचा. अशा वेळी बोलणंच अजून जुळलं नाही असं वाटत राहतं. नॉइज रिडक्शन थोडं लावलं, फार नाही, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. उरलेल्यासाठी बाईंच्या खोलीतला कोणी न बोलतानाचा तुकडा घेतला आणि निवेदकाच्या भागांखाली हळू आवाजात अंथरला. शूं सगळीकडे सारखा झाला आणि मग तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

शेवटचा आकडा कशाला पुरतो

सगळं झाल्यावर संगीतासकट पूर्ण व्हिडिओ सुरुवातीपासून चालवायचा, सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या मास्टरवर मीटर ठेवून, रिसेट करून. माझा इंटिग्रेटेड उणे १६.३ आला. हा आकडा व्हिडिओ बाकी व्हिडिओंच्या मानाने मोठा की लहान एवढंच सांगतो. आतली माणसं जुळली की नाही, हे तो मुळीच सांगत नाही. निवेदक उणे १४ वर आणि बाई उणे २० वर असतानाही पूर्ण सरासरी उणे १६ च्या आसपास येऊ शकते. म्हणून एका आकड्याकडे बघून फाइल पुढे पाठवू नका. कट ऐका. मी प्रत्येक प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यापासून उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांपर्यंतचा भाग लूपवर लावतो आणि स्पीकरचा आवाज इतका कमी करतो, की शब्द जेमतेम कळावेत. मोठ्या आवाजात दोनेक डीबीचा फरक लपतो. हळू आवाजात मात्र जो कमी असतो तो ऐकू यायचाच बंद होतो. मग तेच फोनच्या छोट्या स्पीकरवर. तिथे दबका माइक लगेच उघडा पडतो.

मास्टरवरही एक लिमिटर ठेवायचा, सीलिंग उणे १, तोही ट्रू पीकवाला. साधा पीक फक्त नोंदलेल्या नमुन्यांची उंची बघतो, पण ऐकवताना त्या नमुन्यांमधून जी सलग लाट तयार होते ती दोन नमुन्यांच्या मध्ये आणखी वर जाऊ शकते. ट्रू पीक ती मधली उंचीही पकडतो. मास्टरचा लिमिटर जवळजवळ स्थिर बसलेला दिसला पाहिजे. संगीत सुरू झाल्याबरोबर तो काम करू लागला, तर संगीत दाबताना तो बोलणंही सोबत दाबतो, कारण तिथे दोन्ही मिसळून आलेले असतात. संगीत खाली आणा.

आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल पुन्हा मोजा. एएसीसारख्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये गेल्यावर लाटेचा आकार थोडा बदलतो आणि टोकं वर सरकतात. हे मोजायला कमांड लाइनवर एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i final.mp4 -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी जो सारांश छापला जातो त्यात `I:` च्या पुढे इंटिग्रेटेड असतो आणि `Peak:` च्या पुढे ट्रू पीक. माझ्या फाइलचा इंटिग्रेटेड तोच, उणे १६.३, पण ट्रू पीक उणे १ च्या जागी उणे ०.६. मास्टरचं सीलिंग उणे १.५ केलं, पुन्हा एक्स्पोर्ट, पुन्हा तीच ओळ. उणे १.१ आला, आणि फाइल पाठवली.